सातव्या मजल्यावर शॉवरची नुसती करंगळीएवढी धार: थेट पंप बसवू की आधी काही तपासू?

सातवा_मजला
नमस्कार मंडळी. पुण्यात जुन्या सोसायटीत सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर घर घेतलं. बाथरूम नवीन केलं, हौसेनं आठ इंची रेन शॉवर लावला. आता त्यातून पाणी पडतं म्हणण्यापेक्षा ठिबकतं. मधल्या चार भोकांतून धार, बाकी भोकं कोरडी. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे साधा जुना शॉवर आहे, तो अंगाला टोचतो इतका जोरात. टाकी आमच्या डोक्यावर गच्चीत, म्हणजे सगळ्यात जवळ आम्ही, आणि पाणी सगळ्यात कमी आम्हालाच? प्लंबर म्हणतो, "मॅडम, एक एचपीचा प्रेशर पंप टाका, विषय संपला." विषय खरंच संपतो का? गीझर १५ लिटरचा आहे, सोलर नाही.

एक_दिवसाआड
ताई, तुमचं नशीब चांगलं की टाकीत पाणी तरी आहे. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे चाळीस मिनिटं. चार मजले चढेपर्यंत जीव जातो त्याचा. वॉचमनला सांगा टाकी वेळेवर भरायला, बाकी काही नाही.

सातवा_मजला
टाकी भरलेली असते हो. प्रश्न टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा आहे.

हौशी_मिस्त्री
सोपं आहे. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं की नाही? तसंच. तुमच्या बाथरूमला पाऊण इंची पाइप असेल तर तो काढून अर्धा इंची टाका. पाइप बारीक झाला की प्रेशर वाढतं. शिवाय गच्चीत मोठी टाकी बसवा, पाण्याचं वजन वाढेल. आमच्या गावच्या घरी हेच केलं, फरक पडला.

फिटर_अण्णा
हर हर. ताई, तो अर्धा इंची पाइप टाकू नका, हात जोडतो.

अंगठ्याचं उदाहरण बरोबर आहे, पण अंगठा नळीच्या तोंडाशी लावतात, मुळाशी नाही. तोंडाशी दाबलं की नळीतून जाणारं पाणी कमी होतं, म्हणून नळीच्या आत घासण्यात जाणारा जोर वाचतो आणि तो सगळा धारेला मिळतो. पाइपच बारीक केला तर वाटेतच जोर संपणार. तेवढंच पाणी पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपातून न्यायचं म्हटलं तर घासण्यात जाणारा जोर साधारण सहा पट होतो. तुमच्याकडे मुळात उधळायला काही नाही.

आणि टाकी मोठी केल्यानं काही होत नाही. पाण्याचा जोर ठरतो तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून शॉवरपर्यंतच्या उभ्या अंतरावर. टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारची. हौशीभाऊंच्या गावी फरक पडला असेल तर नवी टाकी उंच ओट्यावर बसवली असणार, किंवा त्या निमित्तानं जुना गंजलेला पाइप बदलला गेला असणार.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. टाकी जवळ आहे हेच तर दुखणं आहे. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलो प्रेशर. एक मजला तीन मीटरचा धरा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या शॉवरवर तुमच्यापेक्षा नऊ मीटर जास्त पाणी उभं आहे, म्हणजे सुमारे पाऊण-एक किलो जास्त. तुम्ही मला दोन मापं द्या: गच्चीच्या फरशीपासून टाकीतल्या पाण्याची पातळी किती उंच, आणि तुमच्या घराच्या फरशीपासून शॉवर किती उंच. मग बोलू.

हौशी_मिस्त्री
ओट्यावर बसवली होती हे खरं. दोन हात उंच.

सातवा_मजला
टेप घेऊन वर जाऊन आले. टाकी विटांच्या दोन फुटी ओट्यावर आहे. दुपारी पाणी गच्चीच्या फरशीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर होतं. शॉवर आमच्या फरशीपासून २ मीटर १० वर.

फिटर_अण्णा
झालं. तुमच्या फरशीपासून गच्ची तीन मीटर, त्यात १.४ मिळवा, त्यातून २.१ वजा करा. उरले २.३ मीटर. म्हणजे पाव किलोलाही किंचित कमी. हे टाकी बऱ्यापैकी भरलेली असतानाचं, संध्याकाळी पातळी उतरली की आणखी कमी. आठ इंची रेन शॉवर सगळ्या भोकांतून नीट पडायला साधारण एक किलोच्या आसपास हवं. दुकानात ज्या पाटीवर तो चालवून दाखवतात, तिच्या मागे पंप असतो.

पण पंपाचं पुढे. २.३ मीटर तरी तुम्हाला पूर्ण मिळतायत का, ते आधी बघा. एक बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. शॉवरनं दहा लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजा. मग शॉवरचं डोकं फिरवून काढा आणि नुसत्या दांडीतून येणाऱ्या पाण्यानं तेच मोजा. गार पाण्यावरच करा, गीझर मध्ये नको.

सातवा_मजला
शॉवरनं ३ मिनिटं २० सेकंद. डोकं काढून २ मिनिटं २० सेकंद. म्हणजे डोकं काढूनही फार नाही.

फिटर_अण्णा
मिनिटाला तीन लिटर, आणि उघड्या दांडीतूनही सव्वाचारच. उघड्या दांडीला हे फार कमी आहे. शॉवरच्या मागेही कुठेतरी वाट अडलीय. ती तुमच्या डायव्हर्टरमध्ये, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या कॉकमध्ये, आहे की गच्चीवरच्या लाइनमध्ये, हे शोधायला गवंड्याची लेव्हलची नळी लागेल, ती पारदर्शक. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आहे ना? तो बाथरूमच्याच लाइनवर असेल तर त्याला नळी घट्ट बांधा, दुसरं टोक दोरीनं गच्चीवर ओढून घ्या आणि टाकीतल्या पाण्याच्या वर धरून ठेवा. नळ उघडा. घरात सगळं बंद असताना नळीतलं पाणी टाकीच्या पातळीला येऊन थांबेल. मग कुणाला तरी खाली शॉवर सोडायला सांगा आणि नळीतलं पाणी किती उतरतं ते बघा. जेवढं उतरेल तेवढी उंची टाकीपासून तुमच्या घरात येईपर्यंत खाल्ली जातेय.

सांगलीकर_वहिनी
मध्येच घुसते, माफ करा. आमचा बंगला आहे, टाकी गच्चीत, आणि गच्चीतच एक खोली-बाथरूम नंतर बांधलं. तिथे शॉवरसाठी ऑटोमॅटिक पंप आणला तर तो चालूच होत नाही. खालच्या बाथरूमला जोडला की लगेच सुरू. दुकानदार म्हणतो पंप चांगला आहे, वायरिंग बघा. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग चांगलं आहे, पंप बदला.

फिटर_अण्णा
वहिनी, दोघंही खरं बोलतायत. तुमच्या पंपात फ्लो स्विच आहे. आतून थोडं पाणी वाहिलं, मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर, की आतली पट्टी हलते आणि पंप सुरू होतो. गच्चीतल्या बाथरूमचा शॉवर टाकीच्या पाण्याच्या बरोबरीनं किंवा वर असणार. तिथे पाणी आपणहून वाहणारच नाही, मग पट्टी कोण हलवणार? तिथे प्रेशर स्विचचा, छोट्या प्रेशर टाकीसह येणारा पंप लागतो. तो लाइनमधला दाब उतरला की सुरू होतो.

त्याचा एक त्रास मात्र आहे. घरात एक जरी नळ किंवा फ्लशची टाकी गळत असेल तर तो रात्रभर दर काही मिनिटांनी घुर्र करून उठतो. आधी गळती काढा, मग पंप आणा.

सांगलीकर_वहिनी
आमच्या फ्लशचं कळलं की काय तुम्हाला 😀

सातवा_मजला
प्रयोग केला. सासरे गच्चीवर कपडे वाळत घालायच्या काठीला नळी बांधून उभे, मी खाली बाथरूममध्ये, फोन स्पीकरवर. नळ उघडल्यावर आधी नळीतून बुडबुडे गेले, मग पाणी टाकीच्या बरोबर पातळीला येऊन थांबलं. "अगं, टाकीच्या पाण्याशी अगदी सुतात आलंय," असं बाबा तीनदा म्हणाले. त्यांनी काठीवर पेनानं खूण केली. मी शॉवर सोडला. पाणी सरसर उतरलं आणि खुणेपासून ८० सेंटिमीटर खाली स्थिरावलं. शॉवर बंद केला की परत खुणेवर. मग गंमत म्हणून बादलीचा नळ पूर्ण सोडला, तर पाणी नळीतून दिसेनासंच झालं.

फिटर_अण्णा
बाबांना माझा नमस्कार सांगा. मिनिटाला तीन लिटर म्हणजे चिमूटभर पाणी, तेवढ्याला २.३ मधले ०.८ मीटर गच्चीवरच जातायत. हे नुसत्या पाइपचं काम नाही, तिथे काहीतरी अडकलंय. टाकीतून तुमची लाइन निघते तिथे चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह असेल. चाक फिरतं, पण आतली फळी दांड्यावरून सुटून अर्धी खाली पडलेली असते. वरून पूर्ण उघडा दिसतो. तो काढून त्याच मापाचा फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह टाका. दुकानदार स्वस्तातला देईल, त्याचं आतलं भोक पाइपपेक्षा लहान असतं. आरपार बघून घ्या.

हौशी_मिस्त्री
व्हॉल्व्ह चोक असेल तर पंप जास्त ताकदीचा लावला की तो खेचून घेईल ना? एक एचपी म्हणजे बरोबरच सांगितलं होतं प्लंबरनं.

फिटर_अण्णा
पंप ढकलतो चांगलं, खेचतो वाईट. तोंड दाबलेल्या लाइनवर मोठा पंप लावला तर तो जोडांतून हवा ओढतो, खडखडतो आणि लवकर जातो. आणि ही लाइन खालच्या कुणाशी सामायिक असेल तर त्यांच्या पाण्यालाही ओढ लागते. ताई, तुमची लाइन टाकीपासून स्वतंत्र आहे का सामायिक, हे बघितल्याशिवाय पंप घेऊ नका.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये जुन्या घरांत हेच रडगाणं. माळ्यावर गार पाण्याची टाकी, खाली गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर, वरच्या मजल्यावर शॉवर. उपाय म्हणून जोडपंप लावतात, गार आणि गरम दोन्ही एकत्र वाढवणारा. रस्त्यावरच्या लाइनवर थेट पंप लावायचा तर मिनिटाला १२ लिटरच्या वर ओढणारा असल्यास पाणी कंपनीला आधी कळवावं लागतं. आपल्याकडे असं काही आहे का?

एक_दिवसाआड
आपल्याकडे पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावायचीच नाही असा नियम आहे. पकडले तर मोटर उचलून नेतात. तरी आमच्या गल्लीत पाणी आलं की सगळीकडून एकदम घूं घूं सुरू होतं.

सातवा_मजला
ताजी बातमी. पाचव्या-सहाव्या मजल्याला वेगळी लाइन आहे, आमची टाकीपासून स्वतंत्र निघते. गेट व्हॉल्व्ह काढला. अण्णा म्हणाले तसंच, चाक वर, फळी खाली, वर चुनखडीचा थर. नवा एक इंची बॉल व्हॉल्व्ह बसवला. उघड्या दांडीतून आता दहा लिटर सव्वा मिनिटाच्या आत. जवळजवळ दुप्पट! पण शॉवर लावला की अजून २ मिनिटं ४० सेकंद.

फिटर_अण्णा
मग आता खरा चोर शॉवरच. त्याच्या मानेत, दांडीला जोडतो त्या आट्यांच्या आत, रबराच्या वायसरखाली एक रंगीत प्लास्टिकची चकती असते. पाणी वाचवायला टाकलेली. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांना ती हवीच, तुमच्याकडे तिचं काही काम नाही. टाचणीनं उचकटून काढा. जाळी काढू नका, नाहीतर गच्चीवरची वाळू भोकांत बसेल. आणि आठ इंचीऐवजी साधा चार इंची शॉवर लावून बघा. पाणी तेवढंच असेल, पण थोड्या भोकांत वाटलं जाईल. हवा मिसळून फेसाळ पाणी देणारा प्रकार मात्र घेऊ नका, कमी दाबाला तो उलटा मार खातो.

सातवा_मजला
चकती हिरवी निघाली! आता दहा लिटरला १ मिनिट ५५. सुरुवातीच्या ३:२० वरून. चार इंची लावल्यावर डोकं भिजतं, शाम्पू निघतो. सासऱ्यांचं मत, आणखी खर्च करू नये. नवऱ्याला रेन शॉवर हवाच आहे. त्यामुळे पंपाचं सांगाच.

फिटर_अण्णा
बाबांचं ऐकाल तर माझंही तेच मत. पण रेन शॉवरच हवा असेल तर पंपाशिवाय होणार नाही. टाकी उंच करूनही नाही, कारण एक मीटर उंचीला दहावा हिस्सा किलो मिळतो आणि तुम्हाला एक किलो वाढवायचंय. दहा मीटरचा मनोरा गच्चीत कोण बांधू देईल?

एक एचपी नको. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेला हेड, म्हणजे पंप पाणी किती मीटर चढवतो तो आकडा, हा पाणी अजिबात वाहत नसतानाचा असतो. आत किंवा बाजूला तक्ता असतो, त्यात मिनिटाला पंधरा-वीस लिटर वाहताना दहा-बारा मीटर देतो का ते बघा. एका बाथरूमला दोन-अडीचशे वॉटचा लाइनमध्ये बसणारा पंप पुरतो. तुमच्याकडे पाणी आपणहून खाली येतं, तेव्हा फ्लो स्विचचा चालेल.

बसवायचा गच्चीवर, नव्या बॉल व्हॉल्व्हच्या पुढे, टाकीच्या पायथ्याशी. ऊन-पावसापासून झाकण, खाली रबराचे पॅड, दोन्ही बाजूंना खोलता येणारे युनियन जोड, म्हणजे दुरुस्तीला पंप काढता येईल. शेजारून बायपास लाइन घ्या, त्यात फळीचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. लाइट गेली तर पाणी बायपासनं येतं, आणि पंप चालू असताना तेच पाणी गोल फिरून मागे जात नाही. स्प्रिंगचा एनआरव्ही नको, तुमच्या एवढ्याशा दाबानं त्याची स्प्रिंग नीट उघडणार नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडून, प्लंबरकडून नाही. गच्ची सामायिक आहे, सेक्रेटरींचं पत्र घ्या.

गीझर गार पाण्याच्या त्याच लाइनवर आहे, त्यामुळे गार-गरम दोन्ही सारखेच वाढतील. गीझरच्या पाटीवर किती किलोचा ते वाचा. बहुतेक ६.५ किंवा ८ असतं, तुमचं सगळं मिळून त्याच्या जवळपासही जाणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र काढलेला नसावा.

सौरऊर्जा_समर्थक
आमच्याकडे सोलर आहे, साधा, हवेचा उभा पाइप असलेला. गार लाइनवर पंप लावला तर शॉवरमधून फक्त गारच येतं, गरम गायब. उलट एकदा सोलरच्या उभ्या पाइपातून गच्चीवर पाणी वाहिलं.

फिटर_अण्णा
मिक्सरमध्ये गार जोरात येतं आणि गरमला मागे ढकलतं, थेट सोलरच्या टाकीपर्यंत. त्या टाक्या दाबाच्या नसतात, सोलरच्या आधी पंप लावायचाच नाही. सोलरमधून निघणाऱ्या गरम लाइनवर गरम पाणी सोसणारा वेगळा पंप आणि गारवर दुसरा, असं करतात.

सौरऊर्जा_समर्थक
म्हणजे दोन पंप. आमचा प्लंबर म्हणतो गरमला नुसता एनआरव्ही लावा, पुरेल.

फिटर_अण्णा
पाणी मागे जाणं थांबेल, गरम पुढे यायला जोर कुठून येणार? काही जण गारचा कॉक दाबून दोन्हींचा मेळ घालतात. मग पंप लावला कशाला, हा प्रश्न उरतो. घर न बघता याहून जास्त सांगता येत नाही.

सातवा_मजला
महिनाभरानं हजेरी. सेक्रेटरींच्या पत्राला तीन आठवडे लागले, पंपाला तीन तास. रेन शॉवर परत लावला. दहा लिटर ५२ सेकंदांत, सगळ्या भोकांतून. बेसिनचा नळ अगदी बारीक सोडला तर पंप सुरू होत नाही, पण त्याचं काही नाही. आवाज आमच्या घरात ऐकू येत नाही, ७०३ मध्ये म्हणे भिंतीतून गुणगुण येते.

खरी तक्रार वेगळीच. गरम पाणी अडीच-तीन मिनिटांत संपतं! पूर्वी अर्धा तास ठिबकत का होईना, गरम यायचं.

फिटर_अण्णा
मिनिटाला साडेअकरा लिटर सांडताय, त्यात जवळजवळ निम्मं गीझरचं. पंधरा लिटरचा गीझर किती टिकणार? एक तर पंचवीस लिटरचा घ्या, किंवा शॉवरचा कॉक थोडा दाबून सात लिटरवर आणा. सात लिटरला रेन शॉवरच्या कडेची भोकं पुन्हा मंद होतील, ते चालवून घ्या. गुणगुणीसाठी पंपाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर लवचीक होज टाका आणि पाइप भिंतीला क्लॅम्पनं थेट आवळला असेल तर मध्ये रबर घाला.

सातवा_मजला
होज उद्या टाकते. गीझरचं घरात मतदान चालू आहे. सासरे तेवढ्यात बादली-तांब्याकडे परत गेलेत, म्हणतात बादलीचा नळ आता काय मस्त सुटतो.